तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोटोकॉल मराठीत कशाला?

"सिस्टर, स्टाफला इंग्रजी येतंच ना? मग एवढ्याशा प्रोटोकॉलचं मराठी करायला इतके महिने आणि इतकी भांडणं कशाला?"

येतं. आमच्या मुली जीएनएमचा नर्सिंग कोर्स करून आल्यात, औषधांची नावं, डोस, लॅबचे रिपोर्ट रोज वाचतात. वर डॉक्टरांचं अक्षरही वाचतात, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीबद्दल मला कोणी काही सांगू नये. मराठी करायचं कारण ते नव्हतंच. पण दर वेळी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या कोणी विचारलं की मी "हॉस्पिटलला मान्यता देणाऱ्या एनएबीएचला लागतं" म्हणून सुटका करून घ्यायचे. आता एकदा नीट सांगते.

हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये म्हणून काय करायचं याचा आमचा इंग्रजी प्रोटोकॉल कुठल्या तरी मोठ्या हॉस्पिटलच्या मॅन्युअलवरून उतरवलेला होता. हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या पानावर पहिलंच वाक्य असं: 'सस्पेक्टेड पेशंट्स शुड बी आयसोलेटेड प्रॉम्प्टली.' संशयित पेशंट लगेच वेगळा ठेवला जावा. टीबी, गोवर, कांजिण्या. त्यात चूक काहीच नाही. कमिटीने सही केली, मेडिकल वॉर्डच्या नर्सिंग स्टेशनमागे लॅमिनेट करून लावला.

एका रात्री साधारण पन्नाशीचा एक माणूस तापाने फणफणलेला जनरल वॉर्डात आला. बरेच दिवसांचा खोकला, वजन उतरलेलं, बेडक्यात रक्त. नाईटला असलेली मुलगी नवी, पण हुशार. तिला शंका आली. तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, म्हणजे आरएमओंना फोन केला, ते कॅज्युअल्टीत अडकलेले. "थुंकी पाठवा, सकाळी राऊंडला बघू." तिने केस पेपरवर वेळ घालून लिहिलं की आयसोलेशनबद्दल डॉक्टरांना कळवलं आहे. मग बिलिंगला फोन केला, कारण कोपऱ्यातली सिंगल रूम चार्जेबल. बिलिंगवाला म्हणाला, नातेवाइकांची सही लागेल. नातेवाईक म्हणजे एक म्हातारी आई, तिला सही येत नव्हती आणि पैशाचं नाव काढल्यावर ती रडायला लागली. रात्रभर तो माणूस वॉर्डाच्या मधल्या बेडवर खोकत होता. हिवाळ्याचे दिवस, खिडक्या बंद. मुलीने सलाईन लावलं, दर दोन तासांनी ताप घेतला, थुंकीची बाटली हातात देऊन शेजारी उभी राहिली. तोंडावर साधा सर्जिकल मास्क, हातात ग्लोव्ह्ज, वर गाऊनसुद्धा. आणि एन-९५ कोणाला? पेशंटला! नातेवाइकांपैकी कोणीतरी बाहेरून आणला होता, वर व्हॉल्व्ह असलेला.

हे नेमकं उलटं आहे, आणि मी आजही बऱ्याच ठिकाणी बघते. साधा सर्जिकल मास्क पेशंटच्या तोंडावर हवा, म्हणजे खोकताना जे बाहेर पडतं ते तिथेच अडतं. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसतो, आत येणारी हवा गाळतो, म्हणून तो स्टाफला. व्हॉल्व्हवाला मास्क पेशंटला घातला तर त्याचा श्वास व्हॉल्व्हमधून सरळ बाहेर. आणि टीबी हवेतून जातो. ग्लोव्ह्ज-गाऊनने त्याला अडवता येत नाही. ते रक्त, थुंकी अंगाला लागण्याची शक्यता असेल तेव्हासाठी.

पेशंट दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हलवला. थुंकी पॉझिटिव्ह आली. त्यानंतर काही महिन्यांनी त्या मुलीला ताप, खोकला, एक्स-रेवर डाग. सहा महिन्यांच्या गोळ्या. त्या रात्रीच झालं असं कोणीही सिद्ध करू शकत नाही, मीही नाही. टीबीचा जंतू शरीरात गेल्यावर आजार दिसायला काही आठवडे लागतात, कधी दोन-दोन वर्षं, कधी आयुष्यभर दिसतच नाही. तिच्या हॉस्टेलमधून लागला असेल, एसटीतून लागला असेल. मॅनेजमेंटने हेच सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. मला राग आला तो चौकशीतल्या एका प्रश्नाचा. "प्रोटोकॉल तुमच्या मागे भिंतीवर होता, वाचला नव्हता का?"

ती म्हणाली, "वाचला होता सर. वेगळा ठेवावा असं लिहिलंय. कोणी ठेवायचा ते लिहिलं नाही."

त्यावर कोणी काही बोललं नाही. पुढच्या कमिटीत ठरलं की प्रोटोकॉल मराठीत करायचा, आणि काम माझ्याकडे आलं. म्हणजे रोग इंग्रजीचा ठरला. मीही तेव्हा तसंच धरून चालले, आणि पंधरा दिवसांत मसुदा दिला: 'संशयित रुग्णाचे तात्काळ विलगीकरण करण्यात यावे. हातांची स्वच्छता राखण्यात यावी. दरवाजा बंद ठेवण्यात यावा.' एकदम तहसील कचेरीतून आल्यासारखा. सगळ्यांना आवडला. तेव्हाच्या मला विचाराल तर ती अजूनही म्हणेल की अनुवाद करणाऱ्याने मूळात नाही ते घालू नये. कमिटीने सही केलेल्या कागदात 'कोणी' घुसडणारी तू कोण? तिचं हे म्हणणं मी आजही पूर्ण खोडू शकत नाही. पण ती मुलगी गोळ्या घेत घेत ड्यूटीवर आली होती, मी मसुदा तिच्या हातात दिला, आणि तिने पेन्सिलीने प्रत्येक 'यावे'खाली रेघ मारून परत दिला. बोलली काहीच नाही.

मग खरी भांडणं सुरू झाली. ती ओळ मी अशी लिहिली: 'ड्यूटीवरची सिस्टर पेशंटला आधी सर्जिकल मास्क लावेल, स्वतः एन-९५ घालेल, लेखी ऑर्डरची वाट न बघता त्याला कोपऱ्यातल्या खोलीत हलवेल, आणि मग आरएमओंना कळवेल.' फिजिशियन म्हणाले, आयसोलेशन हा क्लिनिकल निर्णय आहे. मेट्रन मॅडम म्हणाल्या, उद्या नातेवाइकांनी दंगा केला की तुमची ही ओळ दाखवून माझ्या पोरींना धरतील. अकाउंट्स म्हणालं, खोलीचे पैसे? तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. इंग्रजी वाक्यात तिघांनाही जागा होती, म्हणून त्यावर सही पटकन झाली होती.

खोलीचीही तीच तऱ्हा. मूळात 'निगेटिव्ह प्रेशर रूम', म्हणजे जिची हवा कॉरिडॉरमध्ये येत नाही अशी खोली, आणि तासाला बारा वेळा हवा बदलणं. ती आमच्याकडे नाही, येणारही नाही. आमच्या सिंगल रूमला स्प्लिट एसी, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. टीबीच्या पेशंटला त्यात कोंडणं म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला तीच हवा पुन्हा पुन्हा देणं. म्हणून आम्ही एसी बंद, बाहेरच्या दोन्ही खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, कॉरिडॉरकडचं दार बंद असं लिहिलं. हवा कुठे जाते ते बघायला मेंटेनन्सच्या मामांबरोबर मी बंद दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरली. धूर दाराखालून आत गेला पाहिजे. पहिल्यांदा तो कॉरिडॉरमध्ये आला, थेट आमच्या नाकात, कारण एक्झॉस्टच्या पात्यांवर धुळीचा थर आणि खिडकीतून वारा आत. पंखा साफ केला, वाऱ्याच्या बाजूची खिडकी थोडी ओढली, तेव्हा धूर आत वळला. वाऱ्याची दिशा बदलली की पुन्हा बघावं लागतं. आता उदबत्तीचा पुडा खोलीच्या कपाटात असतो आणि तपासणीची ओळ प्रोटोकॉलमध्ये. मूळात ती नव्हती. मला माहीत आहे, हा अनुवाद नाही.

हातांचं पान मात्र सोपं जाईल असं वाटलं होतं. हात चोळण्याच्या पायऱ्यांचं 'सुमन-के' सगळ्यांना पाठ असतं. हात चोळायचे कसे यावर कोणी अडलंच नाही. अडलं ते कधी यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलेले पाच प्रसंग भिंतीवर आहेतच. पण सात नंबरच्या बेडवर सिस्टर काय करते ते बघा. अल्कोहोलचा हँड रब घेऊन जाते, नाडी बघते, उशी सरळ करते, चादर ओढते, आणि त्याच हाताने कॅन्युलाचं टोपण काढून अँटिबायोटिक देते. ती म्हणते, "मॅडम, पेशंट तोच आहे, आत्ताच तर रब घेतला." पण चादरीवरचे जंतू आता बोटांवर आहेत आणि कॅन्युला सरळ रक्तात जातो. म्हणून टोपणाला हात लावण्याआधी पुन्हा रब, हात वाळेपर्यंत, वीस ते तीस सेकंद. मसुद्यात 'अॅसेप्टिक प्रक्रियेपूर्वी', म्हणजे जंतू आत जाता कामा नयेत अशा कामाआधी, असं होतं आणि ते वाचून कोणाला उशीची आठवण येत नव्हती. मी उशीच लिहून टाकली. फिजिशियन हसले, पण ठेवली.

तसंच जुलाबाच्या पेशंटचं. जुलाब करणारा सी. डिफ हा जंतू असेल तर त्याचे स्पोर, म्हणजे त्याची टणक कवचातली रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे ग्लोव्ह्ज काढून साबण-पाण्यानेच हात धुवायचे, चाळीस ते साठ सेकंद, म्हणजे स्पोर वाहून जातील. हे लिहिल्यावर एका मावशींनी विचारलं, त्या खोलीतलं बेसिन तुंबलंय, मग धुवायचे कुठे? तो भाग प्लंबरकडे गेला.

शेवटी ती ओळ पास झाली. पण फिजिशियनांनी 'हलवेल'च्या आधी 'शक्यतो' घातला. मी भांडले, हरले. पहिल्या चोवीस तासांचं भाडं न लावण्याचं मात्र लेखी मिळालं, आणि नातेवाइकांच्या सहीची अट गेली. खोली भरलेली असेल तर काय, यावर आम्ही वॉर्डातला खिडकीलगतचा शेवटचा बेड ठरवलाय, जिथून वारा बाहेर जातो. तो कोण रिकामा करणार, त्या बेडवरच्या पेशंटला मध्यरात्री कोण उठवणार, यावर तीन मीटिंगांत एकमत नाही.

मेट्रन मॅडम अजून म्हणतात की मी भाषांतराच्या नावाखाली जबाबदारी सिस्टरच्या गळ्यात बांधली. मी म्हणते ती आधीपासून तिथेच होती, फक्त लिहिलेली नव्हती. त्यावर त्या विचारतात, "मग लिहिल्यावर तिचा पगार वाढला का?" नाही वाढला.