कॅशलेस क्लेममध्ये माझ्या खिशातून गेलेले आठ हजार

तावडे हॉटेलकडून कोल्हापूर शहरात येताना कुत्रं आडवं आलं. त्याला चुकवायला गेलो आणि गाडी कडेच्या दगडांच्या ढिगावर चढली. कुणाला लागलं नाही, दुसऱ्याचं नुकसान नाही, म्हणून पोलिसांपर्यंत जावं लागलं नाही. बंपर डावीकडून निखळून लोंबत होता, फेंडर आत गेला होता.

नंबरप्लेट आणि तो ढीग एकत्र दिसतील असे फोटो काढले आणि तिथूनच विमा कंपनीला फोन लावला. क्लेम नंबर मेसेजवर आला. उद्यमनगरातला मित्र म्हणाला, "आण हिकडं, संध्याकाळपर्यंत बसवून देतो." मोह झाला, पण सर्व्हेअरने बघायच्या आधी गाडी खोलली की क्लेम अडकतो. शिवाय कॅशलेस चालतं ते कंपनीच्या यादीतल्या गॅरेजातच. शिरोलीतलं एक गॅरेज यादीत सापडलं, तरी फोन करून खात्री केली. याद्या जुन्या असतात.

तिथे आरसी, लायसन्स, पॉलिसी दिली, क्लेम फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. त्याने चासी नंबर जुळवला आणि मागच्या दारावरचा जुना ओरखडा एस्टिमेटमधून सरळ उडवला. गॅरेजवाल्यानेच तो हळूच घातला होता!

मंजुरीनंतर बंपर काढला, तर त्याच्यामागचा लोखंडी बार वाकलेला. सुपरवायझरने काम थांबवलं. "साहेब, त्यांना न दाखवता बदलला तर हे पैसे तुमच्या खिशातनं जाणार." पुन्हा फोटो, पुन्हा मंजुरी. दोन दिवस गेले, पण बार क्लेममध्ये बसला.

बिल झालं 27,000. भाग जुने झाल्याची कपात, म्हणजे घसारा, टाळणारं झीरो डेप हे जादा कव्हर मी घेतलं नव्हतं आणि गाडी चौथ्या वर्षात होती. प्लास्टिकवर निम्मा घसारा, म्हणजे 9,000 च्या बंपरचे 4,500 माझे. लोखंडी भागांवर या वयाला 25 टक्के: फेंडर आणि बार मिळून 7,000, त्यातले 1,750. रंगकामाच्या 6,000 पैकी चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, ते 750. मजुरीच्या 5,000 वर घसारा नाही. वर क्लेममध्ये मालकानेच भरायचे सक्तीचे पैसे, 1500 सीसीच्या आतल्या गाडीला 1,000. एकूण माझे 8,000, कंपनीचे 19,000. तीन वर्षं क्लेम न करता साठवलेला 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूटही गेली. नुकसान सहा-सात हजारांचं असतं तर मी क्लेमच केला नसता.

कंपनीचं मंजुरीपत्र गॅरेजला आल्यावर माझे पैसे भरले. काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही मागितली, तेव्हा आधी गाडी शेडमधून उन्हात काढायला लावली. फेंडरचा पांढरा आणि बंपरचा पांढरा वेगळा दिसत होता. बंपर परत रंगवून घेतला, मग सही केली.