लायसन्सची तारीख आणि अपघाताची तारीख

सोलापूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा दहाचाकी ट्रक मे महिन्यात पुणे हायवेवर मोहोळजवळ पुढच्या ट्रेलरला धडकला. केबिन दबली, रेडिएटर गेला. सर्व्हे झाला, गॅरेजचं एस्टिमेट गेलं, आणि नंतर विमा कंपनीचं पत्र आलं: अपघाताच्या दिवशी चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं, खुलासा करा. क्लेमचं कागदोपत्री काम माझ्याकडे असल्याने फाइल माझ्या टेबलावर आली.

आधी तारखा एका कागदावर मांडल्या. जुन्या कार्डावर ट्रान्सपोर्टची, म्हणजे व्यावसायिक गाडी चालवण्याची, मुदत 9 मार्च 2024 ला संपलेली. नूतनीकरण झालं 18 एप्रिलला. अपघात 6 मे रोजी. म्हणजे लायसन्स अपघाताआधी अठरा दिवस चालू झालेलं होतं. मग कंपनीला संपलेलं का दिसलं? नवं कार्ड पोस्टाने यायचं होतं, ड्रायव्हरच्या खिशात जुनंच होतं, आणि सर्व्हेअरने जागेवर त्याचाच फोटो काढला. फाइलला तोच फोटो जोडलेला होता.

अशा फाइलमध्ये कार्डावरच्या दोन तारखांचा घोळही होतो. नॉन-ट्रान्सपोर्टची मुदत पुष्कळ पुढची असते, ट्रान्सपोर्टची पाच वर्षांची. मालक मोठी तारीख दाखवून म्हणतो, लायसन्स चालू आहे. पण अवजड मालट्रकसाठी ट्रान्सपोर्टचीच तारीख बघतात. आमच्या खुलाशात म्हणून पहिल्यापासून तीच धरली.

मालकांच्या अकाउंटंटने एक मसुदा आधीच तयार ठेवला होता. त्यात वाक्य होतं, ‘लायसन्स मार्चपासून सलग वैध होते.’ मी ते काढायला लावलं. ते म्हणाले, “साहेब, तीस दिवसांची सवलत असते की!” ती पूर्वी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 14 मधली तीस दिवसांची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने गेली. आता मुदत संपल्यावर वर्षभरात अर्ज करता येतो, पण कलम 15 प्रमाणे नूतनीकरण ज्या दिवशी होतं त्या दिवसापासूनच ते लागू होतं, मागून नाही. 10 मार्च ते 17 एप्रिल हा खंड खराच होता. तो लपवला, तर आरटीओकडून तपासणी झाली की खरी तारीखही संशयात येते. शिवाय लपवायची गरजच नव्हती, कारण पॉलिसीतली अट ‘अपघाताच्या वेळी’ प्रभावी लायसन्स असण्याची आहे.

पुराव्यासाठी मालकांनी फीची पावती काढून दिली. पावती उपयोगी पडते, पण एकटी पुरत नाही. पैसे भरल्याचा दिवस आणि नूतनीकरण मंजूर झाल्याचा दिवस वेगळे असू शकतात, मध्ये वैद्यकीय दाखला, फॉर्म 1-ए, तपासला जातो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून तपशील काढला. तिथे ट्रान्सपोर्टच्या ओळीत From आणि To असतं, त्यातली From ही तारीख आपल्या कामाची. तरी स्क्रीनचा फोटो पाठवून थांबलो नाही. सोलापूर आरटीओकडे अर्ज करून लायसन्सचा सही-शिक्क्याचा उतारा घेतला. कंपनीच्या माणसाला पोर्टलवर पडताळता यावं म्हणून नंबर पत्रातही पूर्ण लिहिला.

पत्राचा गाभा एवढाच ठेवला:

“आपल्या पत्रातील हरकतीबाबत कळवितो की, चालकाच्या लायसन्सची ट्रान्सपोर्ट मुदत 9 मार्च 2024 रोजी संपली होती. त्याचे नूतनीकरण 18 एप्रिल 2024 रोजी झाले असून ते 17 एप्रिल 2029 पर्यंत वैध आहे. अपघात 6 मे 2024 रोजी, म्हणजे नूतनीकरणानंतर झाला. सर्व्हेच्या वेळी चालकाकडे जुने कार्ड असल्याने त्याची छायाप्रत फाइलला लागली. आरटीओचा उतारा, फी पावती व नव्या कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. मूळ कार्ड पडताळणीसाठी दाखविण्यास तयार आहोत. तरी लायसन्सबाबतची हरकत मागे घेऊन दावा पुढे चालवावा.”

पत्राच्या डोक्यावर पॉलिसी नंबर, क्लेम नंबर आणि गाडीचा नंबर. मालकांना ड्रायव्हरच्या गरिबीचं, चांगल्या रेकॉर्डचंही लिहायचं होतं, ते नको म्हटलं. क्लेम बघणारा माणूस तारीख शोधतो आणि ती त्याला पहिल्या परिच्छेदात मिळाली पाहिजे. पत्र ई-मेलने पाठवलं आणि शाखेत हातोहात देऊन पोचही घेतली.

अपघात 10 मार्च ते 17 एप्रिलच्या दरम्यान झाला असता, तर हे पत्र लिहिताच आलं नसतं. नंतर केलेल्या नूतनीकरणाने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा तो दावा सावरत नाही. आणि समोरच्याला भरपाई द्यावी लागली, तरी कंपनी ती मालकाकडून वसूल करायचा हक्क मागू शकते.

कंपनीने मूळ कार्ड शाखेत बघितलं, उताऱ्याशी ताडलं आणि लायसन्सची हरकत मागे घेतली. फाइल आता स्पेअर पार्टच्या घसाऱ्यावर अडली आहे, त्याचा हिशेब वेगळा चालू आहे.