घरगुती मैफलीचं निळं फुटेज : खिडकी, ट्यूब आणि बल्ब एकाच फ्रेममध्ये

सध्या हातात असलेली क्लिप घरातल्या हॉलमधल्या सकाळच्या मैफलीची आहे. डावीकडे मोठी खिडकी, मागच्या भिंतीवर ६५०० केल्विनची ट्यूब, उजवीकडे वर ३००० केल्विनचे दोन पिवळे बल्ब. कॅमेरा ट्रायपॉडवर, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर लॉक केलेला, फुटेज ८ बिट, ४:२:०, Rec.709. गायिकेच्या चेहऱ्याची खिडकीकडची बाजू आणि तिची पांढरी साडी निळीभोर, उजवीकडे बसलेल्या तबलजीचे हात मात्र जवळपास बरोबर. दुरुस्ती DaVinci Resolve या व्हिडिओच्या रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे आणि इथल्या सगळ्या गोष्टी फुकट आवृत्तीत होतात.

निळेपणाचं कारण सरळ आहे. ३२०० वर लावलेला कॅमेरा पिवळ्या बल्बच्या उजेडाला पांढरं मानतो आणि त्यासाठी निळा चॅनेल उचलून धरतो. त्याच सेटिंगमध्ये खिडकीचा साधारण ५६०० केल्विनचा उजेड आला की तो निळा दिसणारच, आणि ट्यूबचा त्याहून जास्त. म्हणजे फुटेज ‘निळं’ नाही. फुटेजचा एक भाग बरोबर आहे आणि दुसरा निळा आहे. हे नीट पाहिलं नाही तर पुढचं सगळं चुकतं: Temp ची पट्टी उजवीकडे ओढली की साडी पांढरी होते आणि तबलजी गाजरासारखा केशरी.

राखाडी शोधणं

पांढऱ्या कपड्यावर ड्रॉपर ठेवायचा मोह आवरावा. धुलाईच्या पावडरमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतात. खिडकीतून येणाऱ्या अतिनील किरणांवर ते निळसर चमकतात, आणि आपल्याकडे वरून नीळही घातलेली असते. असं कापड ‘पांढरं’ धरून बॅलन्स केला तर निळा गरजेपेक्षा जास्त कापला जातो आणि चेहरे पिवळे पडतात. छपाईच्या शुभ्र कागदाचंही तेच. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या जुन्या असतील तर पिवळट, स्टीलचा तांब्या आजूबाजूचे सगळे रंग घेऊन बसलेला.

या फ्रेममध्ये कामाला आला तो इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा मॅट राखाडी डबा. त्याची एक बाजू खिडकीकडे, दुसरी बल्बकडे. व्ह्यूअरवर राइट क्लिक करून Show Picker RGB Value चालू केलं आणि १०२३ च्या मापात दोन्ही बाजू वाचल्या. खिडकीकडची बाजू: लाल ३६०, हिरवा ४२०, निळा ५६०. बल्बकडची: ४५२, ४४०, ४२१. कॅमेरा ३२०० वर आणि बल्ब ३००० चे, म्हणजे बल्बकडची बाजू किंचित उबदार यायला हवी होती आणि तशीच आली. त्यामुळे प्लॅस्टिक पुरेसं तटस्थ आहे, हे त्याच फ्रेममध्ये तपासून झालं.

वाचन घेण्याआधी लॅपटॉपची रात्रीची पिवळी छटा बंद आहे ना, हे पाहावं. आकड्यांना तिचा फरक पडत नाही, डोळ्यांना पडतो.

अर्धी दुरुस्ती सगळ्या फ्रेमला

व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यात होतो तो लिनियर, म्हणजे उजेडाच्या थेट प्रमाणात असलेल्या मूल्यांवरचा गुणाकार. नुसत्या Rec.709 वर Gain फिरवला तर त्याचा आकडा उजेडाच्या खऱ्या पटीशी जुळत नाही. म्हणून Project Settings मध्ये टाइमलाइनची कलर स्पेस Rec.709 Gamma 2.4 ठेवली आणि नोडवर, म्हणजे दुरुस्तीच्या एका पायरीच्या चौकटीवर, राइट क्लिक करून Gamma मधून Linear निवडला. Lum Mix शून्यावर आणावा लागतो. तो १०० वर असेल तर एक चॅनेल हलवताना Resolve उजळपणा राखण्यासाठी बाकीचे दोन्ही हलवतो आणि गणित जुळत नाही.

गणित असं: डब्याची निळी बाजू राखाडी करायला लाल ४२०/३६० पट हवा, पण लिनियरमध्ये त्या गुणोत्तराचा २.४ घात, म्हणजे १.४५. निळा ४२०/५६० चा २.४ घात, म्हणजे ०.५०. हिरवा जागेवर. हे पूर्ण आकडे सगळ्या फ्रेमला लावायचे नाहीत. त्यांचं वर्गमूळ घ्यायचं:

```
Node 2   Gamma: Linear   Lum Mix: 0
Gain     R 1.20   G 1.00   B 0.71
```

आता खिडकीकडची बाजू ३८८, ४२०, ४८६ वर आली, अजून थोडी निळी. बल्बकडची ४८८, ४४०, ३६५, थोडी केशरी. दोन्ही अर्धवट वाटतात, आणि तेच हवं आहे. हॉलच्या मधोमध, जिथे गायिकेचं नाक आणि पेटी आहे, तिथे दोन्ही उजेड मिसळतात. तिथली दुरुस्ती खरोखरच या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. शिवाय पुढच्या पायरीत डावी-उजवी बाजू वेगळी करताना शिवणीत फक्त अर्धा फरक लपवावा लागतो, पूर्ण नाही.

खिडकीची बाजू वेगळी

तिसऱ्या नोडवर Gradient विंडो. बाण खिडकीकडे, मध्यरेषा गायिकेच्या नाकाच्या थोडी डावीकडे, मऊपणा इतका की उतार फ्रेमच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर पसरेल. आत पुन्हा तेच आकडे, लाल १.२० आणि निळा ०.७१, हाही नोड लिनियरमध्ये. दोन्ही नोडचा गुणाकार १.४४ आणि ०.५० होतो, म्हणजे खिडकीशी पूर्ण दुरुस्ती मिळते.

मग त्याच नोडवर राइट क्लिक करून Add Outside Node, आणि तिथे उलटी दिशा: लाल ०.९३, निळा १.१२. बल्बकडची बाजू त्यामुळे ४७३, ४४०, ३८३ वर आली. ती आणखी ओढून अगदी राखाडी करता येते, पण करू नये. पिवळ्या बल्बखाली बसलेला माणूस थोडा उबदार दिसला तरच खोली खोलीसारखी वाटते. सगळं राखाडी केलेली फ्रेम पासपोर्टच्या फोटोसारखी मेलेली दिसते.

विंडो ट्रॅक करायची नाही. इथे बरेचजण सवयीने चेहऱ्याला लंबगोल विंडो लावून ट्रॅकर चालवतात. पण उजेड खोलीचा आहे, माणसाचा नाही. गायिका तान घेताना डोलत बल्बच्या दिशेने गेली की तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बदलतो, आणि चेहऱ्याला चिकटलेली दुरुस्ती तिला लगेच केशरी करते. कॅमेरा स्थिर असेपर्यंत विंडोही स्थिर. उतार अरुंद ठेवला तर काय होतं ते पेटीवादकाच्या डाव्या हातावर कळतं: भाता हलवताना हात रेषेच्या आरपार जातो आणि दर खेपेला रंग बदलल्यासारखा लुकलुकतो. दिसलं की मऊपणा वाढवायचा.

पडदा पिवळा पडणं

दुरुस्ती पुरी झाल्याबरोबर खिडकीचा पडदा लिंबासारखा पिवळा झाला. तिथे तिन्ही चॅनेल आधीच १०२३ ला टेकलेले, म्हणजे रंगाची माहितीच नाही. निळा लिनियरमध्ये ०.५० ने कापला की तो साधारण ७७० वर येतो, लाल-हिरवा वरच राहतात, आणि डोळ्याला पिवळं दिसतं. RGB Parade मध्ये, म्हणजे तिन्ही चॅनेल शेजारी शेजारी दाखवणाऱ्या आलेखात, हे सहज ओळखता येतं: लाल-हिरव्याच्या माथ्यावर सपाट रेघ, निळ्याची तशीच सपाट रेघ पण खाली.

उपाय पुढच्या नोडमध्ये, साध्या गॅमामध्ये: Lum Vs Sat वक्राचं उजवं टोक खाली, साधारण वरच्या दहा टक्क्यांपुरतं, वळण मऊ. पडदा रंगहीन पांढरा होतो आणि जळालेली खिडकी तशी दिसणं डोळ्याला खटकत नाही. फक्त साडीचा उजळ पदर त्या पट्ट्यात येत नाही ना, ते पाहायचं. इथे येत होता, म्हणून वळण जरा उजवीकडे सरकवलं.

निळा गेल्यावर उरलेला हिरवा

ट्यूबचा हिरवा निळ्याच्या आड लपलेला असतो. निळा काढला की मागची भिंत शेवाळी दिसते आणि आपण निळा जास्त कापला असं वाटून लोक तो परत वाढवतात. Parade मध्ये भिंतीचा तुकडा पाहिला तर हिरवा इतर दोघांच्या वर स्पष्ट दिसतो. भिंतीपुरती वेगळी विंडो, आणि Tint मॅजेंटाकडे ८ च्या आसपास. सगळ्या फ्रेमला हा Tint दिला की चेहरे गुलाबी होतात, कारण चेहऱ्यांवर ट्यूबचा उजेड फारसा नाही.

चेहऱ्यासाठी शेवटची पडताळणी व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगाची छटा आणि तीव्रता दाखवणाऱ्या गोल आलेखावर, Show Skin Tone Indicator चालू करून. सावळी असो वा गोरी, त्वचा त्या रेषेच्या आसपासच पडते, फक्त केंद्रापासूनचं अंतर बदलतं. विंडोने फक्त गाल निवडून पाहायचा. कुंकू, ओठ आणि साडीचे लाल काठ आले की वाचन फसतं.

राहिलेलं काम

लाल चॅनेल १.४४ पट उचलल्याने खिडकीकडच्या सावल्यांत लाल ठिपके आणि चौकोनी डाग उगवले आहेत. ८ बिट ४:२:० मध्ये रंगाची माहिती आधीच कमी, त्यात लाल सर्वांत कमी उजळलेला. निळा नुसता कापला असता तर हा त्रास झाला नसता, पण उजळपणात लालाचा वाटा ०.२१ आणि निळ्याचा जेमतेम ०.०७. लाल न उचलता त्वचेत जीव येत नाही.

टेम्पोरल नॉइज रिडक्शन फुकट आवृत्तीत नाही. म्हणून पहिला नोड, व्हाइट बॅलन्सच्या आधीचा, यासाठी राखून ठेवला आहे: नोडची Color Space YUV, Channels मध्ये पहिल्या चॅनेलवरची खूण काढलेली, आणि Blur पॅलेटमध्ये Radius ०.५० वरून ०.५५ च्या पुढे अगदी थोडा. पहिला चॅनेल उजळपणाचा, तो वगळल्याने बारकावे शाबूत राहतात आणि फक्त रंगाचे डाग विरघळतात. ०.६० ला साडीच्या काठाचा लाल शेजारच्या पांढऱ्यात झिरपायला लागतो. ०.५५ ते ०.५७ मध्ये कुठे थांबायचं ते काठ दोनशे टक्के मोठा करून ठरवायचं आहे, आणि मग दुसऱ्या कॅमेऱ्याची क्लिप याला जुळवायची. ती ऑटो व्हाइट बॅलन्सवर आहे, त्यामुळे तिथे रंग मधूनच सरकतो. डब्याचं वाचन सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घेऊन Gain ला कीफ्रेम द्यावे लागतील.