मिश्रण क्र. ३ दुपारी निळं का पडतं : चोर सापडला, माठ कामाला आला

जानेवारीतल्या नोंदीत ज्या जांभळ्या नळीचं मी एवढं कौतुक केलं होतं, तिनं मे महिन्यात माझी पार फजिती केली. पुतण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना दाखवायला कपाट उघडलं, तर नळी गर्द निळी. बर्फात ठेवली की गुलाबी व्हायची, बाहेर काढली की थेट निळी. मधला जांभळा रंग येतच नव्हता, आणि तापमान, संहती, दाब बदलला की रासायनिक समतोल कुठं सरकतो हे पोरांना रंगातून दाखवायचा सगळा खेळ त्या मधल्या रंगावर उभा आहे.

नवीन मंडळींसाठी तेवढं सांगतो. क्र. ३ म्हणजे २ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड (सहा पाण्याचं, गडद गुलाबी खड्यांचं) २० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं आणि रंग निळा होईपर्यंत तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं. त्याला साधारण ३० मिली लागलं. मग थेंबाथेंबानं पाणी घालून जांभळ्यावर आणलं आणि नळीत वर मोकळी जागा सोडून झाकण घट्ट लावलं. आत चाललेलं असतं ते हे:

[Co(H₂O)₆]²⁺ + 4Cl⁻ ⇌ [CoCl₄]²⁻ + 6H₂O

डावीकडचं गुलाबी, उजवीकडचं निळं. डावीकडून उजवीकडे जाताना उष्णता शोषली जाते.

आधी संशय झाकणावर गेला. ॲसिडच्या वाफा निसटल्या असतील, असं मनात आलं आणि अर्धा दिवस नवीन बुचं शोधण्यात घालवला. रात्री डोक्यात प्रकाश पडला की वाफ निसटली तर क्लोराइड कमी होणार, म्हणजे रंग गुलाबीकडे जायला हवा. इथं तर उलटं चाललंय. मग पाणी उडालं असेल का? पाणी गेलं तर निळं होणं पटतं. म्हणून सोनाराकडं असतो तसल्या छोट्या काट्यावर (०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, या छंदात घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू, महागड्या काचेच्या सामानाआधी हा घ्या) नळी सकाळी आणि दुपारी तोलली. वजन तेच. म्हणजे आत काही आलं नाही, बाहेर काही गेलं नाही.

उत्तर पहाटे पाच वाजता मिळालं, तेही पाणी आलं म्हणून उठलो तेव्हा. सहज कपाट उघडलं तर नळी निळसर जांभळी! दुपारी तीनला बघितलं तर पुन्हा निळी. खोलीत तेव्हा थर्मामीटर ४० दाखवत होता. जानेवारीत मी ‘खोलीच्या तापमानाला जांभळं’ असं लिहून मोकळा झालो होतो, तेव्हा खोली होती २१ला. परभणीत ‘खोलीचं तापमान’ हा शब्द वापरणाऱ्यानं महिना लिहायलाच हवा, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. नळी बिघडलेली नव्हतीच. ती इमानदारीत तेच दाखवत होती जे मला पोरांना दाखवायचं होतं. तापमान वाढलं की समतोलाचा स्थिरांक स्वतःच बदलतो, आणि हे उष्माग्राही असल्यामुळे तो निळ्या बाजूनं वाढतो.

आता ठरावीक तापमान आणायचं कुठून? थर्मोस्टॅटची चौकशी केली, किंमत ऐकून फोन ठेवला. तेवढ्यात आई माठातून तांब्या भरायली होती. थर्मामीटर बुडवला: २७. दुपारी चारला २७, रात्री नऊला २६. कोरड्या उन्हाळ्यात माठ पाझरतो, पाणी उडतं आणि आतलं थंड राहतं. फुकटचा थर्मोस्टॅट! (प्यायच्या माठात नळी बुडवू नका, कोबाल्ट विषारी आहे. आईनं मला जुना, गळका माठ वेगळा काढून दिला, तोही दोन वाक्यं सुनावूनच.) क्र. ३ मधलं १० मिली वेगळं काढून माठाच्या पाण्यात ठेवलं आणि ड्रॉपरनं पाणी घालत गेलो. दर चार थेंबांनंतर पाच मिनिटं थांबायचं, मागं पांढरा कागद धरून रंग बघायचा. चौदाव्या थेंबाला स्वच्छ जांभळा मिळाला. त्याला नाव दिलं ३-मे. माठात जांभळी, बर्फात गुलाबी, आणि नुसती टेबलावर ठेवली की पंधरा मिनिटांत निळी. बर्नरची गरजच नाही, मे महिनाच पुरतो.

हे लिहिता लिहिताच वाटतंय की वेगवेगळं पाणी घातलेल्या पाच नळ्या केल्या, तर प्रत्येक नळी वेगळ्या तापमानाला रंग बदलेल. पट्टीवर लावल्या की भिंतीवरचा थर्मामीटर तयार. बर्नर स्टँडचं आधी ठरवलेलं काम मी इथंच रद्द करतो.

संहतीचा भाग मला सोपा वाटत होता. नुसत्या गुलाबी द्रावणाच्या ५ मिलीत ६ मिली ॲसिड घातलं, गॅलरीत, वारा पाठीवर घेऊन उभं राहून. झालं निळं. पण पुतण्यानं नळी हातात घेतली आणि म्हणाला, “काका, ही तर गरम लागायली. मग निळं उष्णतेनं झालं का क्लोराइडनं?” दहा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. ॲसिड पातळ होताना उष्णता निघतेच. मग दोन नळ्या केल्या. निळी झालेली माठात दहा मिनिटं ठेवली: थंड झाली तरी निळीच. ॲसिड न घातलेली गुलाबी तेवढीच गरम केली: गुलाबीच. म्हणजे काम क्लोराइडचं. तोच पोरगा मग पाणी ओतून गुलाबी करायला लागला, तेव्हा हिशोबही करून पाहिला. स्थिरांक म्हणजे वर निळ्याची संहती आणि खाली गुलाबीची संहती गुणिले क्लोराइडच्या संहतीचा चौथा घात. सगळंच अर्ध्यावर आणलं तर वर निळ्याची संहती १/२ होते, पण खाली गुलाबी १/२ आणि क्लोराइडचा चौथा घात १/१६. म्हणजे भागाकार सोळापट फुगतो, आणि तो पुन्हा स्थिरांकाइतका व्हायला निळ्याला मोडावंच लागतं. इतक्या दाट ॲसिडात हे आकडे अगदी काटेकोर नसतात, पण नुसत्या पाण्यानं रंग एवढा जोरात का पालटतो ते यातून कळतं. स्थिरांक मात्र इथं हलत नाही.

राहिला दाब. मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं, म्हणून ३-मे सिरिंजमध्ये भरून तोंड बंद करून दाबली, ओढली. काही नाही, आणि होणारही नाही, कारण समीकरणात वायूच नाही. त्याऐवजी ६० मिलीच्या सिरिंजमध्ये १० मिली सोडा आणि मिथाइल रेडचे थेंब घेतले. दट्ट्या ओढला की दाब घटतो, CO₂ बुडबुड्यांनी बाहेर येतो, आम्लता कमी होते आणि लालाचा नारिंगी-पिवळा व्हायला हवा. माझा सुरुवातीपासूनच नारिंगी! चौकातला गोटी सोडा बोअरच्या पाण्याचा, त्यातलं बायकार्बोनेट आधीच आम्ल खाऊन बसलेलं. ओढल्यावर थोडा पिवळटला, दाबून हलवल्यावर परत नारिंगी. फरक दिसतो, पण मागच्या बाकावरून दिसणार नाही. आता बाटलीत व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून त्याचा वायू नळीनं डिस्टिल्ड पाण्यात सोडून बघणार आहे. वायू आधी साध्या पाण्यातून धुऊन घ्यायचा, म्हणजे व्हिनेगरचे शिंतोडे सोबत येणार नाहीत.

वापरलेलं कोबाल्ट मी मोरीत टाकत नाही, लेबल लावलेल्या बरणीत साठवतो. बरणी सध्या खिडकीत आहे, आणि आत्ता साडेपाचला निळ्याची जांभळी व्हायला लागलीय.