१ लाख ४२ हजार सब्स्क्रायबर आणि साडेतेरा हजारांचा दर

यूट्यूबवर गोव्याच्या पदार्थांचं चॅनल चालवणाऱ्या फोंड्याच्या ताई सकाळी अकराला पणजीला आमच्याकडे आल्या, एका मसाला कंपनीचा मेसेज हातात घेऊनच. मागच्या वर्षी त्याच कंपनीने एका व्हिडिओतल्या जाहिरातीसाठी ४२ हजार दिले होते. व्हिडिओखाली दिलेला सवलतीचा कोड फक्त अकरा जणांनी वापरला. आता कंपनीचं म्हणणं साधं होतं: "दर कशावर काढलाय ते दाखवा, मगच पुढचं बोलू."

दर निघाला होता सब्स्क्रायबरवर. हजारामागे ३०० रुपये असा हिशेब कोणीतरी सांगितला होता. ताईंच्या चॅनलला १ लाख ४२ हजार सब्स्क्रायबर, म्हणजे ४२,६०० रुपये. आकडा दिसायला चांगला आहे, पण व्हिडिओ किती जण बघतात याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तेवढंच एक काम केलं. ते सविस्तर लिहितोय, कारण अशाच अडचणीत सापडलेले बरेच चॅनल आमच्याकडे येतात.

आधी हे सब्स्क्रायबर आले कुठून ते पाहिलं. दोन वर्षांपूर्वी ताईंनी कुर्ल्या साफ करण्याचा चाळीस सेकंदांचा शॉर्ट टाकला होता. तो ३८ लाख वेळा चालला आणि महिन्याभरात ऐंशी-नव्वद हजार माणसं सब्स्क्राइब करून गेली. त्यांतल्या बहुतेकांना ना कोकणी कळते ना मराठी. यूट्यूब स्टुडिओमध्ये `Subscription status` नावाचा अहवाल असतो. तो फक्त लांब व्हिडिओंसाठी लावला, तर सब्स्क्रायबरांकडून येणारे व्ह्यूज होते १८ टक्के. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे बाकीचे बघतच नाहीत?" नाही बघत. शॉर्टवर भुलून आलेला माणूस पंधरा मिनिटांचं खतखतें बघायला थांबत नाही.

त्यामुळे शॉर्ट्स हिशेबातून पूर्ण बाहेर काढले. याला दुसरंही कारण आहे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट चालू झाला की यूट्यूब तो व्ह्यू धरतं, किमान किती सेकंद पाहिला याची अट नाही. लांब व्हिडिओचा व्ह्यू आणि शॉर्टचा व्ह्यू एकाच बेरजेत घातले, की त्या बेरजेला अर्थ उरत नाही.

मग शेवटचे बारा लांब व्हिडिओ घेतले. त्यांतला प्रत्येक तीस दिवसांहून जुना असावा, ही अट. पाच दिवसांपूर्वीचा व्हिडिओ आणि दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ शेजारी ठेवले तर तुलना चुकते, म्हणून प्रत्येकाचे पहिल्या तीस दिवसांतलेच व्ह्यूज मोजायचे. व्हिडिओ उघडायचा, तारखांची मर्यादा स्वतः घालायची, प्रसिद्धीच्या दिवसापासून तीस दिवस. बारा वेळा करावं लागतं, पाऊण तास जातो, पण याला पर्याय नाही. आकडे चढत्या क्रमाने असे आले: ६,८००, ७,४००, ७,९००, ८,३००, ८,६००, ९,१००, ९,५००, ९,८००, १०,४००, ११,२००, १३,००० आणि ८६,०००.

तो शेवटचा व्हिडिओ गणेश चवथीच्या आठ दिवस आधी टाकलेल्या पातोळ्यांचा. साधी सरासरी काढली तर १५,६०० च्या वर जाते, आणि बारापैकी अकरा व्हिडिओ तिच्या खालीच राहतात. असा आकडा कंपनीला दिला तर पुढचा व्हिडिओ जवळजवळ नक्कीच कमी पडणार. म्हणून आम्ही मधला आकडा घेतो. बारांत मधले दोन येतात, ९,१०० आणि ९,५००. त्यांच्या मध्यावर ९,३००. पातोळ्यांचा व्हिडिओ काढून उरलेल्या अकरांची सरासरी घेतली तरी ९,२७० च्या आसपासच येते. दोन्ही वाटांनी आकडा जुळला की मन निश्चिंत होतं. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यातल्या व्हिडिओचा दर वेगळा लावायचा, असंही तेव्हाच ठरवलं. ते व्ह्यूज खरे आहेत, पण ते वर्षातून एकदाच येतात.

यानंतर देश. इथे नेहमी एक चूक होते आणि ताईंनीही ती केली होती. स्टुडिओतल्या प्रेक्षकांच्या पानावर देशांची यादी दिसते. तिथे भारत ८१ टक्के होता आणि तोच आकडा त्यांनी कंपनीला कळवला होता. त्या यादीत शॉर्ट्सही असतात. `Advanced mode` मध्ये जाऊन फक्त लांब व्हिडिओ ठेवले आणि `Geography` उघडलं, तेव्हा चित्रच पालटलं: भारत ५२, अमिरात १४, ब्रिटन ९, कुवेत ८, कतार आणि ओमान मिळून ५, बाकीचे १२. गोव्याचा माणूस जिथे जिथे पोटापाण्यासाठी गेला, तिथे तिथे ताईंचा व्हिडिओ चालतोय. सोरक आणि सुंगटांचं हुमण कसं करायचं हे विचारायला आई जवळ नाही, म्हणून ही माणसं मोबाईल समोर ठेवून रांधतात.

मसाला कंपनीचा माल मात्र गोव्यात आणि महाराष्ट्रातच मिळतो. तिच्यासाठी आखातातल्या आणि ब्रिटनमधल्या व्ह्यूजना किंमत नाही. ९,३०० पैकी ५२ टक्के म्हणजे ४,८०० च्या आसपास व्ह्यूज, तिने तेवढ्यांचेच पैसे द्यावेत. त्यांतले गोव्यातले किती, असंही कंपनीने विचारलं होतं. त्याचा आकडा आम्ही देत नाही. शहरांचा अहवाल असतो, पण तो इंटरनेटच्या पत्त्यावरून बनतो आणि मोबाईलवरचा माणूस अनेकदा दुसऱ्याच मोठ्या शहरात बसलेला दिसतो. त्यापेक्षा गोव्याच्या दुकानांसाठी वेगळा कोड द्यावा, म्हणजे खरेदीवरून कळेल.

एंगेजमेंट शेवटी. ९,३०० च्या आसपासच्या व्हिडिओला ५६० लाइक आणि ८४ कमेंट होत्या. दोन्हींची बेरीज भागिले व्ह्यूज, म्हणजे ६.९ टक्के. पण कमेंटच्या आकड्यात उत्तरंही धरलेली असतात आणि ताई प्रत्येकाला मनापासून उत्तर देतात. ८४ पैकी ३१ त्यांचीच निघाली. ती वजा केली, उरल्या ५३, आणि टक्केवारी ६.६ वर आली. फरक छोटा आहे, पण कंपनीच्या माणसाने स्वतः मोजून पाहिलं तर पुढचा एकही आकडा तो खरा मानणार नाही.

टक्क्यांपेक्षा कमेंट वाचणं जास्त उपयोगाचं. "मस्त", "सुंदर" आणि नुसते हात जोडलेले असतील तर त्यातून काही कळत नाही. ताईंकडे वेगळंच दिसलं. "कुवेतांत सोलां खंय मेळटात?" "तिरफळां नाशिल्यार कितें घालूं?" एकाच व्हिडिओखाली असे एकोणीस प्रश्न, कोणता जिन्नस, कुठून घ्यायचा, किती घालायचा. विकत घ्यायच्या तयारीतला माणूस असंच विचारतो. आमची पद्धत अशी: एंगेजमेंट ३ ते ५ टक्के असेल तर दर आहे तसा, २ च्या खाली असेल तर कमी करतो, ६ च्या वर असेल आणि कमेंटमध्ये असे प्रश्न असतील तर व्ह्यूजच्या भागावर १५ टक्के वाढवतो. त्याहून जास्त नाही. लाइकवर मसाला विकला जात नाही.

आता जोडणी. भारतातल्या हजार व्ह्यूजना आम्ही या चॅनलसाठी १,२०० रुपये धरले. ४,८०० व्ह्यूजचे झाले ५,७६०. त्यावर १५ टक्के म्हणजे ८६४. शिवाय कामाचे वेगळे ७,०००: मसाला वापरून पदार्थ दोनदा करून बघणं, लिहिणं, चित्रीकरण, संकलन आणि एक दुरुस्ती. हा भाग व्ह्यूजशी बांधायचा नाही. व्ह्यूज कमी आले म्हणून ताईंचे श्रम कमी होत नाहीत. एकूण १३,६२४ आले, आम्ही १३,५०० लिहिले.

४२ हजारांवरून साडेतेरा. ताईंचा चेहरा उतरला, आणि ते स्वाभाविक होतं. पण त्याच दुपारी, तोच व्हिडिओ आखातातून आणि ब्रिटनमधून भारतात पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीसाठी मोजून पाहिला. तिला भारताचे ५२ टक्के नकोत. तिला हवेत आखाताचे २७ आणि ब्रिटनचे ९, मिळून ३६ टक्के, म्हणजे ३,३५० च्या आसपास व्ह्यूज. मसाल्यासाठीच्या व्ह्यूजपेक्षा कमीच. पण दर महिन्याला घरी पैसे पाठवणारा एक ग्राहक मिळाला, तर त्या कंपनीला तो वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून हजाराला ६,००० धरले. २०,१००, त्यावर १५ टक्के, वर कामाचे ७,०००. तीस हजारांच्या थोडं वर. व्हिडिओ एकच, माणसंही तीच, आणि दर दुपटीहून जास्त. म्हणून ताईंच्या दरपत्रकावर आता एक आकडा नाही, दोन ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळीसमोर कोणत्या देशाचे किती व्ह्यूज मोजले ते लिहिलेलं आहे.

जाहिरात कुठे बसवायची तेही बोललो. दीड मिनिटाच्या खुणेवर ६४ टक्के प्रेक्षक टिकून असतात, नवव्या मिनिटाला २८. साडेतेरा हजारांचा दर पहिल्या दोन मिनिटांतल्या जागेचा. शेवटी हवी असेल तर व्ह्यूजच्या भागाचे पैसे निम्मे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हमीच्या ओळीवर. ताई म्हणाल्या, "साडेसात हजार व्ह्यूज नक्की येतील असं लिहूया." बारांची यादी पुन्हा वाचली. दोन व्हिडिओ साडेसात हजारांच्या खाली आहेत, म्हणजे सहापैकी एका खेपेला हमी मोडणार. म्हणून ६,५०० लिहिलं, सगळ्यात कमी चाललेल्या व्हिडिओच्याही खाली. तीस दिवसांत तेवढे आले नाहीत, तर पुढच्या व्हिडिओत तीस सेकंद फुकट. पैसे परत करण्याची अट मान्य करायची नाही, कारण काम झालेलं असतं.

चारच्या सुमाराला दरपत्रक, बारा व्हिडिओंची यादी आणि देशांच्या पानाचा स्क्रीनशॉट कंपनीला पाठवला. स्क्रीनशॉटवर तारखा आणि फक्त लांब व्हिडिओ घेतल्याची खूण दिसेल असा कापला. साडेपाचला फोन आला. कंपनीने तीन व्हिडिओ मागितले, पहिला हुमणाचा, आणि तिन्हींना वेगळे कोड. तिन्हींचे मिळून ४०,५००. मसाल्याची पाकिटं कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हे विचारूनच त्यांनी फोन ठेवला.