शून्य दाखवणारा बीम आणि ६१७ किलोन्यूटन

त्या इमारतीचं डिझाइन माझ्या हिशेबाने पूर्ण झालं होतं. भिंतींचे रिपोर्ट तयार होते, बीमच्या सळया ठरल्या होत्या आणि मी ड्रॉइंग तपासणीला पाठवलं होतं. तपासणाऱ्या सरांनी एका मजल्याचा प्लॅन समोर ठेवला, डाव्या टोकाच्या शिअर वॉलवर, म्हणजे भूकंपाचं आडवं बल घेणाऱ्या भिंतीवर, पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे बल या भिंतीत शिरतं कुठून?"

मी म्हटलं, "स्लॅबमधून."

"भिंतीला स्लॅब कुठे चिकटलाय, दाखव."

मला दाखवता येईना. भिंत ६ मीटर लांब, आणि तिला लागूनच लिफ्ट आणि जिन्याचा डक्ट होता. भिंतीच्या ६ मीटरपैकी ४ मीटरना स्लॅब नव्हताच, पोकळी होती. मजला जेमतेम २ मीटर लांबीत भिंतीला भिडत होता.

आधी मजला कसा होता ते सांगते. लांबी ३६ मीटर, रुंदी १८ मीटर. रुंदीच्या दिशेने भूकंपाचं बल आलं की ते घ्यायला दोन्ही टोकांना ६ मीटरची एकेक भिंत. उजव्या टोकाची भिंत १८ मीटरच्या कडेच्या बरोबर मध्यावर होती, डावी मात्र कोपऱ्यात सरकवलेली. या मजल्यासाठी डायफ्रॅमचं, म्हणजे स्लॅबने भिंतींपर्यंत न्यायचं बल १४४० किलोन्यूटन निघालं होतं. टॉर्शनचा, म्हणजे मजला पिळवटण्याचा, वाटा वेगळा धरला होता, तो इथे बाजूला ठेवते.

मजल्याचा स्लॅब अशा वेळी एका प्रचंड, आडव्या झोपवलेल्या बीमसारखा वागतो. त्याचा स्पॅन ३६ मीटर, खोली १८ मीटर आणि आधार म्हणजे टोकाच्या दोन भिंती. १४४० किलोन्यूटन ३६ मीटरवर पसरले की मीटरला ४० किलोन्यूटन. मधला मोमेंट ४० गुणिले ३६ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ६४८० किलोन्यूटन-मीटर. तो १८ मीटरच्या खोलीने भागला की ३६० किलोन्यूटन. मजल्याच्या एका लांब कडेला एवढा ताण आणि समोरच्या कडेला एवढाच दाब. भूकंप उलटला की दोघांची अदलाबदल. या कडांना कॉर्ड म्हणतात. ५०० मेगापास्कलच्या सळईला ४३५ ची डिझाइन क्षमता धरली तर ३६० किलोन्यूटनला २५ मिलिमीटरच्या दोन जादा सळया पुरतात. कॉर्डमध्ये आकडा त्रास देत नाही, सलगपणा देतो. कडेच्या बीमच्या सळया गुरुत्वभारासाठी जिथे सोयीने तोडलेल्या असतात, तिथेच कॉर्डला पूर्ण ताणाचा लॅप, म्हणजे सळईवर सळई चढवून केलेला जोड, लागतो. ती दुरुस्ती मी अर्ध्या दिवसात केली.

भिंतीचा प्रश्न मात्र दोन आठवडे पुरला.

सॉफ्टवेअरमध्ये मी मजल्याला रिजिड डायफ्रॅम नेमला होता. असं केलं की त्या पातळीवरचे सगळे बिंदू प्लॅनमध्ये एकत्र हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलतच नाही. अंतर बदलत नाही म्हणजे बीम लांबत नाही, आणि लांबत नाही म्हणजे त्यात अक्षीय बल शून्य. डाव्या भिंतीच्या रांगेतल्या बीमसमोर रिपोर्टमध्ये शून्य लिहिलेलं मी पाहिलं होतं आणि पुढे गेले होते. ते शून्य बीमच्या वागण्याचं नव्हतं, मी लादलेल्या अटीचं होतं. बल अदृश्य मार्गाने भिंतीत पोचत होतं आणि मार्गाची किंमत कुठेच लिहून येत नव्हती. सरांचं सांगणं एवढंच होतं: "मॉडेल मिटव आणि हाताने कर."

हाताने केलं. मजल्याचं अर्धं बल, ७२० किलोन्यूटन, डाव्या रांगेत येणार. या रांगेत १८ मीटरपैकी ४ मीटर डक्ट, म्हणजे स्लॅब १४ मीटर. ७२० भागिले १४, मीटरला ५१.४ किलोन्यूटन. भिंतीशी थेट भिडलेल्या २ मीटरमधून १०३ किलोन्यूटन सरळ भिंतीत जातात. उरलेले ६१७ उरलेल्या १२ मीटरमध्ये स्लॅबमधून निघतात, पण तिथे भिंत नाही. ते गोळा करून भिंतीच्या तोंडापर्यंत ओढत नेण्याचं काम त्या रांगेतल्या बीमचं. म्हणून त्याला कलेक्टर म्हणायचं. माझ्या ड्रॉइंगमध्ये तो फक्त स्लॅबचं वजन उचलणारा साधा बीम होता.

उजव्या टोकाला हाच हिशेब केला. तिथे डक्ट नाही, स्लॅब पूर्ण १८ मीटर, मीटरला ४० किलोन्यूटन. भिंत मध्यावर असल्याने दोन्ही बाजूंना ६-६ मीटरचे कलेक्टर, प्रत्येकात २४० किलोन्यूटन. एकाच मजल्याची दोन टोकं, सारखंच एकूण बल, आणि एकीकडे २४० तर दुसरीकडे ६१७. भिंत कोपऱ्यात सरकवण्याची आणि तिला पोकळी चिकटवण्याची किंमत या दोन आकड्यांत मला पहिल्यांदा स्वच्छ दिसली.

मग मॉडेल सेमी-रिजिड करून पाहिलं, म्हणजे स्लॅबला त्याची खरी जाडी आणि ताठरता दिली. भिंतीच्या तोंडाशी बीममध्ये ४३० किलोन्यूटन आले आणि मला वाटलं, हाताचा हिशेब जास्त सावध असावा. तसं नव्हतं. उरलेलं बल बीमच्या शेजारच्या स्लॅबच्या पट्ट्यात होतं. बीम आणि स्लॅब दोन्ही कापणारा सेक्शन कट घेतला तेव्हा बेरीज ६०५ आली. नुसत्या बीमचा आकडा उचलला असता तर जवळपास एक तृतीयांश बल पुन्हा हरवलं असतं.

६१७ वरही थांबता येत नाही. भिंत वाकून ऊर्जा जिरवणार, हे डिझाइनचं गृहीतक. ते खरं ठरायचं तर भिंत वाकण्याआधी कलेक्टर तुटता कामा नये. म्हणून एएससीई ७ या अमेरिकी मानकात जास्त भूकंपजोखमीच्या इमारतींचे कलेक्टर ओव्हरस्ट्रेंग्थ, म्हणजे हिशेबापेक्षा जादा निघणाऱ्या ताकदीचा, गुणक लावलेल्या बलाला डिझाइन करायचे असतात. विशेष काँक्रीट शिअर वॉलसाठी तो गुणक २.५ आहे. आम्ही तोच धरला. ६१७ चे १५४३ किलोन्यूटन झाले. त्याला २५ मिलिमीटरच्या ८ सळया लागतात, आणि त्या बीमच्या नेहमीच्या सळयांखेरीज.

या टप्प्यावर मला हे सगळं अति वाटत होतं, आणि तसं मी सरांना म्हटलंही. त्यांनी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या सीटीव्ही इमारतीचा चौकशी अहवाल वाचायला दिला. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ती कोसळली आणि ११५ माणसं गेली. कारणं अनेक होती, कॉलमची ठिसूळ बांधणी त्यात मोठी. पण नोंदलेल्या उणिवांमध्ये मजले आणि उत्तरेकडचा भिंतींचा कोअर यांच्यातलं अपुरं जोडकामही होतं. तो अहवाल वाचल्यावर मी गुणकाबद्दल पुन्हा वाद घातला नाही.

आता ८ सळया बसवायच्या कुठे? पहिला विचार होता निम्म्या सळया बीमबाहेर, स्लॅबमध्ये पसरवण्याचा. बऱ्याच ठिकाणी तसं करतात. पण स्लॅबमधलं बल शेवटी बाजूने भिंतीत वळायला भिंतीला चिकटलेला स्लॅब हवा, आणि आमच्याकडे तिथे डक्ट होता. २ मीटरच्या पट्ट्यावर आधीच थेट शिअर होतं, त्यात ही भर नको होती. म्हणून सगळ्या सळया भिंतीच्या मध्यरेषेतच ठेवायच्या ठरल्या. बीम ४०० बाय ६०० केला. भिंत ३०० जाड, त्यामुळे शेजारी-शेजारी दोनच सळया तिच्या दोन जाळ्यांमधून आत जाऊ शकतात. दोन-दोनचे चार थर, बीमच्या खोलीत सारखे वाटलेले. सगळ्या वरच्या बाजूला ठेवल्या असत्या तर ताण बीमच्या मध्यातून न जाता नवाच मोमेंट तयार झाला असता.

बल भूकंपाबरोबर उलटतं, म्हणून दाबही पाहिला. १५४३ किलोन्यूटन ४०० बाय ६०० वर म्हणजे ६.४ मेगापास्कल. ओव्हरस्ट्रेंग्थच्या बलाला हा आकडा काँक्रीटच्या ताकदीच्या निम्म्याच्या वर गेला तर एसीआय ३१८ या काँक्रीटच्या अमेरिकी मानकाप्रमाणे दाट रिंगा लागतात. आमचं काँक्रीट ३० मेगापास्कलचं, मर्यादा १५, त्यामुळे तिथे सुटलो.

कलेक्टरमधलं बल दूरच्या टोकाला शून्य असतं आणि भिंतीकडे येताना मीटरमागे वाढत जातं. म्हणून दर ३ मीटरला दोन सळयांची भर: २, ४, ६, ८. आणि भिंतीत शिरल्यावर? सळईची पकड बसायला सव्वा मीटर पुरेल, मग तिथेच थांबवू, असं मी काढलं होतं. सरांनी ते खोडलं. पकड म्हणजे सळई काँक्रीटमधून निसटत नाही एवढंच. तेवढ्या तुकड्यात १५४३ किलोन्यूटन भिंतीच्या एका कोपऱ्यात ओतले तर भिंतीचा तो भाग शिअरमध्ये फाटू शकतो. ६ मीटरभर सळया नेल्या की भिंत तिच्या सगळ्या लांबीतून बल उचलते. आम्ही सळया भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेल्या.

कागदावर हे सुटलं, साइटवर नाही. भिंती मजल्याच्या पुढे भरल्या जात होत्या, म्हणून कलेक्टरच्या सळया भिंतीत आधी बसवून तोंडाशी पुढच्या सळया जोडायला कपलर ठेवायचे होते. भरायच्या आदल्या संध्याकाळी मी पिंजरा पाहायला गेले. वरचे दोन थर बरोबर होते. खालच्या दोन थरांच्या चारही सळया भिंतीच्या तोंडापासून ३०० मिलिमीटरवर काटकोनात खाली वळवलेल्या होत्या.

फोरमन म्हणाले, "मॅडम, टोकाला उभ्या सळया आणि रिंगा एवढ्या दाट आहेत की आडवी सळई आत जातच नाही. हूक दिलाय ना, धरून ठेवेल."

त्यांची अडचण खरी होती. भिंतीच्या टोकाला उभ्या सळयांचा गठ्ठा असतो हे मला माहीत होतं, पण माझ्या ड्रॉइंगमध्ये तो गठ्ठा आणि कलेक्टर एकत्र कुठेच काढलेले नव्हते. दोन वेगळ्या पानांवर दोन्ही नीट बसत होते. मी त्यांना बीमची सुरुवात दाखवली आणि सांगितलं, "या चार सळया कलेक्टरचं निम्मं ओझं भिंतीच्या पार टोकापर्यंत नेणार आहेत. इथे वळवल्या तर ते सगळं या एका गठ्ठ्यात अडकेल."

त्या रात्री मी १:१० मध्ये टोकाचा प्लॅन काढला, प्रत्येक उभी सळई तिच्या खऱ्या व्यासाची. मधल्या दोन उभ्या सळया ४० मिलिमीटर बाहेर सरकवल्या की वाट मोकळी होत होती, आणि तिथल्या बंद रिंगा दोन तुकड्यांत केल्या की आडव्या सळया आधी ओवून मग रिंगा बांधता येत होत्या. भिंतीचा हिशेब त्या बदलासाठी पुन्हा तपासून सरांची सही घेतली. काँक्रीट दोन दिवस पुढे ढकललं.

तिसऱ्या सकाळी फोरमननी स्वतः एका टोकाकडून टॉर्च धरला आणि मी ६ मीटर पलीकडून आत पाहिलं. आठही सळया सरळ गेल्या होत्या. वरच्या मजल्यांसाठी तो १:१० चा कागद त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून पिंजरे बांधायच्या जागी टांगला.