पाणीपुरीचा हिशोब पुरीत मावेल तेवढ्याचा

‘घरी पंचवीस माणसं येणार आहेत आणि पाणीपुरी ठेवायची आहे. पाणी किती करू, सारण किती, आणि प्लेटला किती पुऱ्या धरू?’

आधी पुऱ्यांचं घेऊ. मुंबई-पुण्याच्या गाडीवरची प्लेट साधारण सहाची, वर शेवटची सुकी पुरी. म्हणजे सहाच्या प्लेटला पुऱ्या सात लागतात. छोटा स्टॉल लावणारी मंडळी नेमकी ही सातवी विसरतात. पन्नासच्या पाकिटात तीन-चार तरी फुटक्या निघतात, त्यामुळे पाकिटामागे आठ प्लेटा धरल्या असतील तर हातात येतात जेमतेम साडेसहा. दर ठरवताना हा फरक लक्षात ठेवा.

घरी प्लेट नसतेच, लोक उभे राहून खात राहतात. नंतर पावभाजी-पुलाव असेल तर मोठ्या माणसाला दहा, लहानाला पाच पुऱ्या पुरतात. फक्त पाणीपुरीच असेल तर मोठ्यांच्या पंधरा धरा. तुमच्याकडे वीस मोठे, पाच लहान आणि नंतर जेवण आहे असं मानलं, तर २०० आणि २५ मिळून २२५. फुटक्या-चपट्यांसाठी दहा टक्के वर, म्हणजे पन्नासची पाच पाकिटं. फुटक्या टाकू नका, शेवपुरीला चालतात.

पाण्याच्या बाबतीत माझं सांगणं एकच: माणसं मोजू नका, पुरी मोजा. आणलेल्या पाकिटातली एक पुरी फोडा, नेहमीइतकं सारण घाला, पाण्याने भरा आणि ते पाणी मापाच्या भांड्यात ओता. पुऱ्यांचे आकार इतके वेगवेगळे असतात की दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मध्यम पुरीत साधारण २५ मिली मावतं, हाताने बुडवताना थोडं सांडतं, म्हणून ३० धरायचं. २२५ पुऱ्यांना पावणेसात लिटर होतं. शिवाय शेवटी ‘थोडं नुसतं पाणी द्या हो’ म्हणणारे असतातच, म्हणून साडेसात लिटर करा.

मात्र हे सगळं एकदम पातळ करून ठेवू नका. घट्ट वाटण करा: निवडलेला पुदिना २२५ ग्रॅम, कोथिंबीर त्याच्या निम्मी, हिरव्या मिरच्या १०० ग्रॅम, बोटभर आल्याचे दोन तुकडे. वाटताना बर्फाचे खडे आणि लिंबाचा रस घाला. मिक्सरच्या उष्णतेने पुदिना काळा पडतो, यामुळे तो हिरवा राहतो. जाड देठ आत गेले तर पाणी कडवट होतं आणि नंतर गूळ घालूनही ते लपत नाही. गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, ४० ग्रॅम काळं मीठ आणि तेवढंच साधं मीठ घाला. आता साडेसातपैकी सहा लिटरच पाणी मिसळा, उरलेली जागा बर्फासाठी.

चव घ्यायची ती गार झाल्यावर. गारव्यात मीठ आणि आंबटपणा बोथट लागतो, म्हणून कोमट असताना नेमकं वाटलेलं पाणी पाहुण्यांसमोर मिळमिळीत होतं. बर्फ घरच्याच प्यायच्या पाण्याचा हवा. बाजारची लादी पिण्यासाठी केलेली असतेच असं नाही. बर्फ वितळून पाणी पातळ होतं, त्यावर उपाय म्हणजे पाण्याची बंद बाटली गोठवून पातेल्यात उभी ठेवणं. तसं केलंत तर मग पाणी सुरुवातीलाच पूर्ण साडेसात लिटर करा.

चिंच-खजुराचं गोड पाणी पुरीला चमचाभर लागतं, म्हणजे सव्वा लिटर पुरे. चिंच आणि खजूर प्रत्येकी १०० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम, उकळून गाळून पाण्याने तेवढं करा. चमच्यातून धारेने पडेल इतकंच सैल ठेवा.

सारण पुरीला १२ ग्रॅम, म्हणजे दीड चमचा, या हिशोबाने पावणेतीन किलोच्या आसपास लागतं. मी रगडा आणि बटाटा अर्धा-अर्धा घेते असं म्हटलं तरी रगडा थोडा जास्तच असतो: पाऊण किलो सुके पांढरे वाटाणे भिजवून शिजवल्यावर दीड किलोच्या वर भरतात, आणि सव्वा किलो बटाट्यांतून सालं गेल्यावर सव्वा किलोला थोडं कमी राहतं. वाटाणे रात्रभर भिजवा. दाणा बोटांत दाबल्यावर पीठ व्हायला हवा, पण दिसायला अख्खा. रगडा घट्ट आणि गरम असावा, तो सैल झाला की पुरी हातातच बसते. बटाट्यात मीठ घालायला विसरू नका, कारण सगळा खारटपणा पाण्यावर सोडला की पाणी पिववत नाही.

वाढणारे दोघं लागतात: एक फोडून सारण भरणारा, दुसरा पाणी देणारा. पुऱ्या आधी भरून ताटात मांडल्या तर पाच मिनिटांत लोळतात. पावसाळ्यात पाकिट उघडल्यावर पुऱ्या मऊ वाटल्या, तर कोरड्या कढईत मंद आचेवर परतून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. उरलेला रगडा दुसऱ्या दिवशी पॅटिसला जातो. पाणी मात्र हात बुडवलेलं असेल तर ओतून द्या. न मिसळलेलं वाटण फ्रीझरमध्ये महिनाभर सहज राहतं.